लिंगभावी पूर्वग्रह : पाठ्यपुस्तक आणि वर्गातील बोलणे (बेळगाव सीमाभाग)

पुस्तकातील मजकूर आणि चित्रे, तसेच शिक्षकाचे प्रश्न विचारणे, उत्तरासाठी थांबणे, शाबासकी देणे यांत मुलग्यांना आणि मुलींना नकळत मिळणाऱ्या वेगळ्या वागणुकीला लिंगभावी पूर्वग्रह म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत त्याला एक खास वळण मिळाले आहे. इथे गणित, परिसर, समाजविज्ञान यांची पुस्तके बहुधा कन्नड किंवा इंग्रजी मजकुरावरून मराठीत येतात, आणि त्या वाटेवर पूर्वग्रह शिरतो तो क्रियापदातून.

कन्नडमध्ये ‘नानु शालेगे होगुत्तेने’ हे वाक्य मुलगा म्हणेल तसेच मुलगीही म्हणेल. ‘नीनु’ म्हणजे ‘तू’, त्याच्या क्रियापदालाही लिंग नाही. तृतीय पुरुषी एकवचनात मात्र ‘होगुत्ताने’ आणि ‘होगुत्ताळे’ असा फरक होतो. मराठीत ‘मी शाळेत’ म्हटले की ‘जातो’ की ‘जाते’ हे ठरवावेच लागते, आणि भाषांतरकाराचा हात सवयीने ‘जातो’कडे वळतो. ‘तू सुट्टीत कुठे गेलास?’ हा प्रश्न छापताना कोणी मुलींना वगळायचे ठरवलेले नसते. तरी वर्गातल्या अर्ध्या मुलांना तो दुसऱ्याला विचारलेला वाटतो. ‘गेलास/गेलीस’ अशी तिरकी रेघ मारणे हा उपाय दिसायला सोपा, पण मोठ्याने वाचताना अडखळवणारा.

मराठीतच यातून वाट आहे. सकर्मक क्रियापद भूतकाळात बहुधा कर्माप्रमाणे चालते, म्हणून ‘सुट्टीत तू काय काय पाहिलंस?’ हा प्रश्न कोणालाही विचारता येतो. ‘मला आवडते’, ‘मला वाटते’ अशा रचनेत बोलणाऱ्याचे लिंग येत नाही. ‘आम्ही जातो’, ‘आम्ही गेलो’ ही रूपे दोघांना सारखीच. स्वाध्यायाच्या सूचना ‘लिहा’, ‘मोजा’ अशा असल्या की प्रश्नच मिटतो. शिक्षकाला पुस्तक बदलता येत नाही, पण पाठ घेण्याआधी पेन्सिल घेऊन पाच-सहा वाक्ये अशी फिरवून ठेवायला दहा मिनिटे पुरतात. शाब्दिक गणितांत सर्वनामांकडेही पाहावे. ‘एका शेतकऱ्याने 40 रोपे लावली’ इथपर्यंत क्रियापद रोपांमागे जाते; पुढच्या ओळीत ‘त्याने’ आला की शेतकरी पुरुष ठरतो. खानापूरकडे भाताची लावणी बहुतेक बायकाच करतात, हे वर्गातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते.

एक शब्द फसवा आहे: ‘मुले’. ‘मूल’ नपुंसकलिंगी, तेव्हा ‘मुले’ म्हणजे सगळीच. पण ‘मुले 14, मुली 18’ असे फळ्यावर रोज लिहिले जाते आणि ‘मुले’ म्हणजे मुलगे हा अर्थ पक्का होतो. मग ‘मुलांनो, वर बघा’ यात आपण आहोत की नाही, हे मुलीने अंदाजाने ओळखायचे. निदान मोजणीच्या ओळीत ‘मुलगे’ लिहावे.

पुस्तकातील बायकांची नावे मोजून समाधान मानण्यात धोका आहे. कित्तूरची राणी चन्नम्मा आणि बेळवडीची मल्लम्मा या दोघी याच जिल्ह्यातल्या. 1824 साली चन्नम्माने ईस्ट इंडिया कंपनीशी दिलेली लढत इथे लहान पोरांनाही माहीत असते. पण राणी हा अपवाद असतो. तिच्या पाठाच्या मागेपुढे साध्या बायका काय करताना दिसतात, हे पाहणे जास्त बोलके. शहापूर-वडगावच्या मागावर ‘विणकर कापड विणतो’ असे वाक्य आले, तर कांड्या भरणारी बाई वाक्यातूनच गळते. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या कामगार बायकांचेही तेच. म्हणून पाठागणिक दोनच गोष्टी टिपाव्यात: बाईला नाव आहे का, आणि तिच्या कामाला मजुरी किंवा निर्णय जोडलेला आहे का. महाराष्ट्रात 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात घरकाम करणारे पुरुष चित्रांत आणले. चित्र बदलणे त्या मानाने सोपे. वाक्य बदलायला जास्त लक्ष लागते.

बोलीबद्दल थोडे थांबायला हवे. कोल्हापूर-बेळगाव भागात अनेक बायका आणि मुली ‘मी येतो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात. वर्गात त्यावर ‘मुलीसारखं बोल’ असा शेरा बसतो, आणि पोरगी पुढचे उत्तर तोंडातच ठेवते. हा शेरा व्याकरणाचा नाही, वागणुकीचा आहे. तिचे उत्तर आधी ऐकून घ्यावे. ‘पुस्तकी मराठीत इथे जाते लिहितात’ एवढे नंतर, लेखी वहीवर सांगितले तरी चालते.

वर्गातील बोलण्याची मोजणी दुसऱ्या शिक्षकाने करावी, कारण आपण मुलगे-मुली दोघांना सारखे विचारतो अशी जवळजवळ प्रत्येकाची खात्री असते. मागच्या बाकावर बसून बाकांचा नकाशा काढायचा. कोणाला विचारले, की त्याच्या चौकोनात एक काडी. ‘का’ किंवा ‘कसे’ असा प्रश्न असेल तर काडीला गोल. 40 मिनिटांच्या तासात याहून जास्त टिपायला गेले की नोंद चुकते.

समजा, वर्गात 18 मुली, 14 मुलगे. एकूण 46 काड्या पडल्या: मुलग्यांच्या 28, मुलींच्या 18. म्हणजे मुलग्यामागे 2, मुलीमागे 1. इथेच निष्कर्ष काढला तर चुकेल. नकाशा पाहिला की तिघा मुलग्यांच्याच 15 काड्या दिसतात. ते आधीच ओरडून प्रश्न आपल्याकडे ओढणारे. त्यांना बाजूला ठेवले तर उरलेल्या 11 मुलग्यांना 13, मुलींशी फारसा फरक नाही. आता गोल मोजा. ‘का-कसे’ एकूण 11 वेळा विचारले. 3 त्या तिघांना, 6 उरलेल्या 11 मुलग्यांना आणि फक्त 2 मुलींना, त्या 18 असूनही. खरा भेद इथे आहे: मुलींना विचारले जाते, पण वाचून दाखवायला, व्याख्या म्हणायला. ‘मुली गप्प बसतात’ ही तक्रार करण्याआधी त्यांच्याकडे कोणते प्रश्न जातात ते पाहावे. एका तासावरून काही ठरवू नये. वेगवेगळ्या विषयांचे तीन तास तरी हवेत. घरी कोकणी, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुलगी गप्प असेल, तर त्याच घरभाषेच्या मुलग्याशी तिची तुलना करावी. अडचण कदाचित भाषेची असते.

सर्वांत स्वस्त उपाय थांबण्याचा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि हे थांबणे 3 सेकंदांवर नेले की उत्तरे लांब होतात, जास्त मुले बोलू लागतात, हे मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने 1970 च्या दशकात दाखवले. घाईचा फायदा ओरडणाऱ्यांना होतो. ‘का-कसे’ प्रश्नाला हात वर करायला लावूच नये. सगळ्यांनी आधी पाटीवर लिहायचे, शेजारच्याशी मिनिटभर बोलायचे, मग डब्यातून नावाची चिठ्ठी काढायची. शेजाऱ्याशी बोलण्याची पायरी गाळली, तर न बोलणारी मुलगी चिठ्ठी निघताच सगळ्यांसमोर अडकते आणि पुढच्या वेळी आणखी आत जाते.

‘एकदा मुलगा, एकदा मुलगी’ असा क्रम मात्र उलटतो. आठवड्याभरात वर्गाचे दोन संघ होतात, आणि ‘बघा, मुली कशा शिस्तीत’ हे कौतुक त्यात तेल ओतते. त्यात मुलीला शाबासकी मिळते ती नीटनेटक्या वहीची आणि गप्प बसण्याची. उत्तरातल्या विचाराची नव्हे. त्यामुळे महिन्याभराने मोजणी पुन्हा करताना काड्या आणि गोलांबरोबर आणखी एक खूण ठेवावी: शाबासकी मिळाली ती कशासाठी.