पालकाची गैरहजेरीची चिठ्ठी : मराठीतली आणि इंग्रजीतली

मराठी चिठ्ठीबद्दल फार बोलत नाही, ती सगळ्यांना येते. वर तारीख, 'मा. वर्गशिक्षिका', मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, कोणत्या तारखांना आला नाही, का आला नाही, आणि खाली पालकाची सही. आमच्या सांगलीत मुलं 'बाई' म्हणतात म्हणून काही पालकही 'माननीय बाई' असंच लिहितात. मला ते आवडतं.

अडचण सुरू होते मूल इंग्रजी माध्यमात गेल्यावर. शाळा सांगते, चिठ्ठी इंग्रजीत द्या. मग वडील घरी बसून डोक्यातली मराठी चिठ्ठी इंग्रजीत उतरवतात, आणि सकाळी हजेरी घेताना माझ्या हातात कागद येतो. त्यावर लिहिलेलं असतं, 'अ‍ॅज आय वॉज सफरिंग फ्रॉम फीवर, आय कुड नॉट अटेंड द स्कूल.' खाली सही वडिलांची. म्हणजे ताप वडिलांना आला आणि सहावीच्या वर्गातही तेच आले नाहीत.

याला पालकांचं इंग्रजी कच्चं आहे असं म्हणून सोडून देतात. ते खरं नाही. वाक्य व्याकरणाने बिनचूक आहे, फक्त बोलणारा माणूस चुकलाय. त्याचं मूळ मराठी वाक्यातच आहे.

मराठीत आपण लिहितो, 'आजारी असल्यामुळे दि. १९ ते २१ जानेवारी शाळेत हजर राहता आले नाही, तरी क्षमा असावी.' आता हे वाक्य कोणाचं आहे ते शोधून दाखवा. आजारी कोण, हजर कोण राहिलं नाही, क्षमा कोण मागतंय, यातलं काहीच लिहिलेलं नाही. 'राहता आले नाही' या रूपावरून मुलगा की मुलगी, मी की ती, हेही कळत नाही. तेच वाक्य मुलीने लिहिलं तरी चालतं आणि तिच्या वडिलांनी लिहिलं तरी चालतं. वर मुलीचं नाव असतं, खाली वडिलांची सही असते, मधली जागा वाचणारा आपोआप भरून काढतो. मराठीत कर्ता न सांगता वाक्य पूर्ण होतं, त्यामुळे दोघंही त्यात मावतात.

इंग्रजी वाक्याला मात्र कर्ता द्यावाच लागतो. 'कुड नॉट अटेंड'च्या आधी 'आय' किंवा 'शी' यांपैकी एक लिहिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. इथे पालकाचा हात 'आय'कडे जातो, कारण शाळेत असताना त्याने पत्रलेखनात घोकलेला रजेचा अर्ज विद्यार्थ्याचा होता. 'आय बेग टू स्टेट' आणि 'युवर ओबिडियंट स्टुडंट' तिथूनच येतात. चाळिशीचे वडील स्वतःला माझा आज्ञाधारक विद्यार्थी म्हणवून घेतात तेव्हा मला हसू येत नाही, संकोच वाटतो. आपण दोघं मोठी माणसं आहोत. मुलगी तुमची आहे आणि वर्ग माझा आहे, एवढंच नातं त्या कागदावर पुरे.

उपाय सोपा आहे. हजर राहणं हे मुलीचं काम. पालकाचं काम शाळेत पाठवणं. म्हणून पालकाने आपल्या वाक्यात 'पाठवणे' हे क्रियापद धरावं. 'सानिकाला ताप असल्यामुळे मी तिला शाळेत पाठवले नाही.' यात ताप कोणाला, निर्णय कोणाचा, दोन्ही स्पष्ट आहे, आणि हे वाक्य इंग्रजीत नेताना काही बिघडत नाही : 'सानिका हॅड फीवर, सो आय डिड नॉट सेंड हर टू स्कूल.' 'आय' आहेच, पण आता तो खरोखर पालक आहे.

एक मात्र सांभाळा. 'आजारी असल्यामुळे मी तिला पाठवू शकलो नाही' असं अर्धवट लिहिलंत आणि त्याचं 'बीइंग इल, आय कुड नॉट सेंड हर' केलंत, तर इंग्रजीत आजारी तुम्हीच ठरता. ताप ज्याला आला त्याचं नाव तापाच्या शेजारीच लिहायचं.

हा नुसता शुद्धलेखनाचा हट्ट नाही. समजा चिठ्ठीत 'घरी कांजिण्या असल्यामुळे येता आले नाही' असं आहे. कोणाला कांजिण्या? सानिकाला असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे पुरळ उठल्यापासून साधारण पाच दिवस, कधी जास्तही, तिने वर्गात बसू नये. तीनच दिवसांनी ती परत आली असेल तर मला लगेच घरी फोन करावा लागतो. धाकट्या भावाला असतील आणि आईला एकटीला आवरेना म्हणून हिला ठेवून घेतलं असेल, तर ही आज बसू शकते. पण तिला आधी कांजिण्या झालेल्या नसतील किंवा लस दिलेली नसेल, तर पुढचे दोन-तीन आठवडे तिच्यावर लक्ष ठेवायला हवं, कारण संसर्गानंतर पुरळ दिसायला दहा ते एकवीस दिवस लागतात. मराठी चिठ्ठीत निदान 'घरी' हा शब्द तरी संशय निर्माण करतो. 'आय हॅड चिकनपॉक्स' वाचून मी नेमकं कोणाला विचारू?

बाकीचे फरक किरकोळ. 'तीन दिवसांपासून'साठी 'सिन्स थ्री डेज' लिहितात, ते 'फॉर थ्री डेज' हवं. पण त्यावाचून माझं काही अडत नाही. 'रिस्पेक्टेड मॅडम' की 'डिअर मॅडम' यावर घराघरात वाद होतात. मला दोन्ही चालतं, फक्त बाईंना 'सर' लिहू नका.

तारखा उलटून गेल्यावर 'रजा मंजूर करावी' हे मराठीत सवयीने येतं आणि आम्ही सवयीने वाचतो. इंग्रजीत 'ग्रँट लीव्ह' मात्र पुढच्या दिवसांसाठी ठेवा. गावच्या यात्रेला जायचं असेल तर आधी चिठ्ठी द्या आणि तिथे ते लिहा. आणि हो, यात्रेचं 'जर्नी' करू नका, 'यात्रा इन अवर व्हिलेज' एवढं पुरतं. होऊन गेलेल्या दिवसांसाठी 'प्लीज एक्सक्यूज हर अ‍ॅब्सेन्स'.

तर सानिकाच्या वडिलांची चिठ्ठी अशी व्हावी. इथे देवनागरीत देतेय, कागदावर अर्थात इंग्रजी अक्षरांत लिहा : 'डिअर मॅडम, माय डॉटर सानिका, सिक्स्थ बी, रोल नंबर १४, वॉज अ‍ॅब्सेंट फ्रॉम १९ टू २१ जॅन्युअरी. शी हॅड फीवर, सो आय डिड नॉट सेंड हर टू स्कूल. शी इज वेल नाऊ. प्लीज एक्सक्यूज हर अ‍ॅब्सेन्स. युवर्स सिन्सिअरली,' आणि खाली सही, सहीखाली पूर्ण नाव. 'बेग' नाही, 'ओबिडियंट' नाही, 'काइंडली' तीनदा नाही. मराठीतली विनंतीची गोडी 'आपण', 'असावी', 'करावी' या रूपांतून येते. इंग्रजीत तीच गोडी आणायला म्हणून शब्द वाढवत गेलं की चिठ्ठी लाचार वाटते. एक 'प्लीज' पुष्कळ झालं.

आपल्याकडे आई-वडील दोघं कामावर असले की चिठ्ठी आजोबा किंवा चुलते लिहितात. तेही चालतं, पण मग 'माय डॉटर' नको. आजोबांनी 'माय ग्रँडडॉटर' लिहावं, आपलीच सही करावी आणि सहीखाली नातं लिहावं. मुलाच्या नावाने स्वतः सही ठोकणारे आजोबा दर वर्षी भेटतात. डायरीच्या पहिल्या पानावर आई-वडिलांच्या सह्यांचे नमुने घेऊन ठेवलेले असतात, आणि ते आम्ही ताडून बघतो.