इन्स्टाग्राम हॅक झालं आणि चोराने ईमेल-मोबाइलही बदलला, तर अकाउंट परत मिळवण्याची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

मालवणात माझं ई-सेवा केंद्र आहे. डिसेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी तारकर्लीच्या एका वहिनींचा फोन आला. "भाऊ, पासवर्ड चुकीचो म्हणता. आता काय करूचा?" त्यांचं घरगुती होमस्टे आहे आणि निम्मं बुकिंग इन्स्टाग्रामवरून येतं. दुपारी त्यांना 'तुमच्या फोटोवर कॉपीराइटची तक्रार आहे' असा मेसेज आला होता. त्यातली लिंक उघडून त्यांनी पासवर्ड टाकला, मग आलेला ओटीपीही टाकला. सहा वाजेपर्यंत अकाउंटवरचा ईमेल आणि मोबाइल दोन्ही बदललेले होते. चोर त्यांच्याच नावाने पाहुण्यांना क्यूआर कोड पाठवून निम्मी रक्कम ॲडव्हान्स मागत होता.

अशा वेळी माणूस घाबरून पुन्हा पुन्हा Forgot password? दाबत बसतो. त्याने काही होत नाही, कारण नवा कोड चोराच्याच पत्त्यावर जातो. कोड कुठे जाणार ते स्क्रीनवर अर्धवट झाकलेल्या अक्षरांत दिसतं. पहिलं अक्षर किंवा शेवटचे दोन आकडे आपले नसतील, तर तिथेच थांबा.

सगळ्यात आधी जुना ईमेल उघडा. अकाउंटवरचा ईमेल बदलला की इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर security@mail.instagram.com वरून कळवतं. हा बदल तुम्ही केलेला नसेल तर तो मागे घेण्याची लिंक त्याच पत्रात असते. ती वेळेत सापडली तर पुढचा अर्ज करावाही लागत नाही. जीमेलच्या शोधपट्टीत हे टाका:

```
in:anywhere from:security@mail.instagram.com
```

`in:anywhere` टाकल्याने स्पॅम आणि ट्रॅशमधलंही दिसतं. चोर जीमेलमध्येही शिरला असेल तर तो हे पत्र पहिलं पुसतो. पण ट्रॅशमध्ये ते साधारण 30 दिवस राहतं. म्हणून आधी जीमेलचा पासवर्ड बदला आणि मग शोधा. वहिनींचं जीमेल जुन्या हँडसेटवर होतं आणि तो हँडसेट बंद पडून कपाटात होता. तो दुरुस्त होऊन हातात येईपर्यंत चार दिवस गेले. पत्र सापडलं, पण लिंक चालेना.

मग उरतो अर्ज. ज्या फोनवर आणि ज्या वाय-फायवर तुम्ही रोज अकाउंट वापरत होता, तिथूनच instagram.com/hacked उघडा. ओळखीच्या उपकरणावरून केलेली विनंती पटण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे आमच्यासारख्या केंद्रातल्या संगणकावरून हा अर्ज करू नका. हॅक झाल्याचा पर्याय निवडा आणि युजरनेम द्या. चोराने तेही बदललं असेल तर एखाद्या नातेवाइकाला त्यांच्या फोनवरचं तुमच्याशी झालेलं जुनं चॅट उघडायला सांगा. वर नवं युजरनेम दिसेल. संपर्कासाठी फक्त तुमच्या हातात असलेला ईमेल द्या.

पात्रतेचा प्रश्न इथे येतो. अकाउंटवर तुमच्या चेहऱ्याचे फोटो असतील तर व्हिडिओ सेल्फी मागतात. उजेडात उभं राहून सांगतील तशी मान वळवायची. ती पोस्टमधल्या फोटोंशी ताडून पाहतात. आपल्याकडच्या बहुतेक धंद्यांच्या अकाउंटवर मात्र सुरमईची थाळी, खोल्या, देवबागचा संगम असंच सगळं असतं. मालकाचा चेहरा कुठेच नसतो, म्हणून सेल्फीचा काही उपयोग नाही. अशा अकाउंटसाठी ईमेलवर वेगळी माहिती मागतात: अकाउंट उघडताना दिलेला ईमेल किंवा मोबाइल, आणि तेव्हाच्या उपकरणाचा प्रकार, म्हणजे अँड्रॉइड, आयफोन की आणखी काही.

'उघडताना' या शब्दाकडे नीट लक्ष द्या. वहिनींनी पहिल्या वेळी आपला आताचा ईमेल आणि अँड्रॉइड असं लिहिलं. नकार आला. मी विचारलं, "वहिनी, अकाउंट उघडलं कोणी?" तेव्हा कळलं, मुंबईच्या पुतण्याने 2019 मध्ये गणपतीला गावी आला असताना, स्वतःच्या आयफोनवर, स्वतःचाच ईमेल टाकून उघडून दिलं होतं. आमच्या भागात कितीतरी अकाउंटांची कथा हीच आहे. पुतण्याचा ईमेल आणि आयफोन असं लिहून दुसऱ्यांदा विनंती केली आणि अकाउंट परत घेण्याची लिंक आली. नकार आला तरी पुन्हा अर्ज करता येतो, फक्त तीच चुकीची माहिती पुन्हा पाठवू नका.

या प्रक्रियेला शुल्क नाही. 'दोन हजारांत अकाउंट काढून देतो' असे मेसेज येतातच, आणि ते बहुधा दुसरे चोर असतात.

अर्ज चालू असतानाच पोलिसांकडेही जायचं आहे, कारण पाहुण्यांचे पैसे जातात ते तुमच्या नावावर. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करावा. फोन शक्यतो ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानेच करावा, कारण व्यवहार क्रमांक, बँक, रक्कम आणि वेळ त्याच्याकडेच असते. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. वहिनींच्या पुण्याच्या एका पाहुण्याला आम्ही त्याच रात्री हे करायला लावलं.

वहिनींची स्वतःची तक्रार cybercrime.gov.in वर केली. त्यासाठी चालू मोबाइल क्रमांक, एक ओळखपत्र, प्रोफाइलची लिंक, चोराच्या मेसेजचे आणि क्यूआर कोडचे स्क्रीनशॉट, आणि ईमेल बदलल्याचं ते पत्र लागलं. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि युजरनेम दिसू द्या. दुसऱ्याची ओळख वापरण्याचा हा गुन्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी मध्ये येतो. त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. तक्रार क्रमांक जपून ठेवा. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, त्यासाठी पोलीस ठाण्यात जावं लागतं. पोलीस अकाउंट उघडून देत नाहीत, पण पाहुण्यांना दाखवायला तुमच्याकडे कागद राहतो.

अर्ज फेटाळले गेले, तर कंपनीच्या भारतातील तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. त्यांचं उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत gac.gov.in वर तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील होतं. आधी तक्रार अधिकाऱ्याकडे गेलेला अर्ज आणि त्याचा क्रमांक हाताशी असल्याशिवाय अपिलाकडे वळू नका.

अकाउंट हातात आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करता, हे फार महत्त्वाचं. नुसता पासवर्ड बदलून वहिनी निर्धास्त झाल्या होत्या. मी सेटिंगमधलं Accounts Center, म्हणजे एकमेकांना जोडलेली अकाउंटं दिसतात ते पान, उघडून पाहिलं तर तिथे एक अनोळखी प्रोफाइल जोडलेलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर चोराला परत शिरायची वाट मोकळी होती. ते काढलं, चोराचा ईमेल आणि मोबाइल काढला, लॉगिन असलेली सगळी उपकरणं बाहेर काढली, त्याने चालू केलेलं टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं कुलूप, बंद करून आपलं चालू केलं. बॅकअप कोड वहिनींनी वहीत उतरवून घेतले. त्याखाली एक ओळ मी लिहायला लावली: अकाउंट कधी, कोणत्या ईमेलवर, कोणत्या फोनवर उघडलं. मग अकाउंटवर स्वतःचा ईमेल टाकला आणि पाहुण्यांना एकेक करून फोन करायला बसल्या.