टोमणा, वक्रोक्ती आणि चिडवणं: मेसेजमधून सूर का पोचत नाही

मागच्या होळीला आमच्या घरच्या ग्रुपवर वहिनीने पुरणपोळीचा फोटो टाकला, खाली लिहिलं "पहिल्यांदाच केल्या", आणि पोळी एका बाजूने फाटलेली, पुरण बाहेर आलेलं. मी लगेच टाइप केलं, "वा वहिनी, काय सुगरण आहात!" माझ्या डोक्यात ते हसत हसत, लाडात चिडवणं होतं. पण वहिनी दोन दिवस ग्रुपवर काही बोललीच नाही, मग दादाचा फोन आला की अरे तिला फार लागलंय ते.

नंतर वाचताना कळलं की हे माझ्या एकट्याचं नाही. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले होते. काही वाक्यं खोचकपणे आणि काही सरळ मनाने म्हणायची, कधी ईमेलवरून तर कधी आवाजातून, आणि समोरच्याने ओळखायचं की यातलं खरं कुठलं आणि खोचक कुठलं. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की शंभरातली साधारण ७८ वाक्यं तरी बरोबर ओळखली जातील, मग ईमेल असो की आवाज. आवाजात ७३ च्या आसपास ओळखली गेली, पण ईमेलमध्ये फक्त ५६, आणि नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० आलीच असती! बरं, वाचणारा मित्र असला तरी फारसा फरक पडला नाही.

कारण असं की लिहिताना आपल्याला आपलाच आवाज डोक्यात ऐकू येतो. खोचक बोलताना आपण बऱ्याचदा सावकाश बोलतो, आवाज खाली नेतो, एखादा शब्द लांबवतो, "वाऽऽ, काऽय सुगरण" असं, भुवई वर जाते ते वेगळंच. वहिनीला यातलं काहीच मिळालं नाही, तिच्याकडे फक्त पाच शब्द आणि फाटलेली पोळी.

आता हे तिन्ही प्रकार वेगळे कसे ते याच पोळीवर बघू. वक्रोक्तीत म्हणायचं असतं एक आणि बोलायचं दुसरंच, पण रोख बऱ्याचदा परिस्थितीवर असतो. ऐन होळीच्या संध्याकाळी गॅस संपला आणि कोणी म्हणालं "वा, काय मुहूर्त साधलाय सिलेंडरने", तर कुणालाच लागत नाही, उलट सगळे एका बाजूला येतात. टोमण्यात तीच उलटी भाषा असते पण रोख माणसावर. चिडवण्यातही रोख माणसावरच असतो, म्हणून तर गल्लत होते, पण त्यात हा खेळ आहे अशी खूण लागते. मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर यांनी चिडवण्याची व्याख्याच अशी केलीय की मुद्दाम काढलेली खोडी आणि तिच्यासोबत खेळकरपणाची खूण. खूण म्हणजे गाण्यासारखा सूर, अति वाढवून सांगणं, टोपणनाव, डोळा मारणं. खूण काढली की उरते नुसती खोडी, म्हणजे टोमणाच. माझ्या मेसेजमध्ये नेमकं हेच झालं.

आणि "अगं मस्करी केली" म्हणून ते भरून निघत नाही. क्रूगर यांनीच २००६ मध्ये चिडवण्यावर अभ्यास केला, त्यात दिसलं की चिडवणारा स्वतःचा चांगला हेतू धरून ते हलकं समजतो, पण ज्याला चिडवलं त्याच्यापर्यंत तो हेतू पुरता पोचतच नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण नेहमी समोरच्यालाच म्हणतो की तुला मस्करी कळत नाही.

मग मी काय लिहायला हवं होतं? रोख वहिनीच्या हातावरून काढून पुरणावर न्यायचा: "पुरणाला भलतीच घाई झालेली दिसते, कोण आलंय बघायला बाहेर डोकावतंय 😄 दोन ठेवा, मी येतोय." यात खोडी आहे, पण तिच्या कौशल्याबद्दल काही नाही, अतिशयोक्ती आहे म्हणजे खेळ कळतो, आणि शेवटी मला खायचीय हे सरळ सांगितलंय. नुसती स्माईली चिकटवून "काय सुगरण" तसंच ठेवलं असतं तर काम झालं नसतं असं मला वाटतं, कारण आपल्याकडे टोमणासुद्धा हसूनच मारतात, शालजोडीतले देणं म्हणतात ते उगाच नाही. शिवाय वहिनी घरात नवीन, पोळ्या पहिल्यांदाच केलेल्या, अशा दुखऱ्या जागी चिडवायचंच नाही. दादाच्या ढेरीवर मी वीस वर्षं बोलतोय आणि तो माझ्या टकलावर, तिथे उलट बोलायची दोघांनाही मुभा आहे, तशी वहिनीला अजून नव्हती.

त्याच २००५ च्या अभ्यासात एक साधी गोष्ट सापडली. आपलंच वाक्य उलट्या सुरात मोठ्याने म्हणून बघितलं की "हे त्यांना कळेलच" हा फाजील विश्वास कमी होतो. मी आता पाठवायच्या आधी मेसेज एकदा रागीट आवाजात वाचतो, आणि रागातही तो बरोबर बसत असेल तर खोडून फोन लावतो. वहिनीलाही तेव्हा फोनच केला, माझं चुकलं म्हणालो, आणि रविवारी जाऊन त्या पोळ्या खाल्ल्या, तूप घालून, फाटलेल्यासुद्धा.