भाषण कसं हवं: पूर्ण लिहिलेलं, कार्डांवर की नुसते मुद्दे?
(भाषण लिहून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे येणारे बरेचजण खुर्चीत बसायच्या आधीच सांगतात, "पूर्ण लिहून द्या, मग बघू." आम्ही लिहून देतो. मग कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी फोन येतो, "ते फार लांबलचक वाटतंय हो, हेच जरा कार्डांवर घालून द्या ना. सकाळी माणूस पाठवतो." सप्टेंबरात, सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांच्या दिवसांत, असे फोन सगळ्यात जास्त येतात. त्यातून तुमचाही वेळ जातो आणि आमचाही, म्हणून एकदा नीट सांगून ठेवतो.

पूर्ण भाषण कापून त्याची कार्डं होत नाहीत. व्यासपीठावरून बोलताना आम्ही मिनिटाला साधारण शंभर शब्द धरतो. म्हणजे आठ मिनिटांचं भाषण आठशे शब्दांचं झालं. सहा बाय चार इंचाच्या कार्डावर लांबून वाचता येईल अशा अक्षरात जेमतेम चाळीस शब्द मावतात. तेच भाषण कार्डांवर उतरवलं की वीस कार्डांचा गठ्ठा होतो आणि दर पंचवीसेक सेकंदांनी एक कार्ड मागे टाकावं लागतं. वक्ता वाचत तर असतोच, वर पत्ते पिसल्यासारखे हात चालू. वाक्य एका कार्डावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपत असेल तर मधल्या क्षणी आवाज पडतो, आणि तो पडलेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कळतो. त्यापेक्षा सरळ कागदावरून वाचलेलं बरं.

कार्डावर वाक्यं नसतात, खुणा असतात. ज्या शब्दावर नजर पडताच पुढचं सगळं आपोआप तोंडात येतं, ती खूण. आणि ती वक्त्याच्या स्वतःच्या शब्दांतली लागते, आमच्या नव्हे. म्हणून कार्डांसाठी आम्ही वक्त्याला समोर बसवून किंवा निदान फोनवर आधी बोलायला लावतो, आणि ते बोलतात तेच टिपून घेतो. संध्याकाळी साडेसातला पाठवलेल्या फाइलवरून हे काम होत नाही. "एवढेसेच शब्द आणि पैसे पूर्ण भाषणाएवढे?" असं काही जण विचारतात. हो, तेवढेच. पैसे शब्दांचे नसतात, त्या बैठकीचे असतात.

एक उदाहरण देतो, म्हणजे निवड कशी करतो ते लक्षात येईल. द्राक्षपट्ट्यातल्या एका पतसंस्थेचे अध्यक्ष आमच्याकडे आले होते. धान्याचं दुकान, गल्ल्यावर बसून बोलायला लागले की गिऱ्हाईक हलत नाही अशी ख्याती. पण व्यासपीठावर माइक हातात आला की "सन्माननीय", "याप्रसंगी", "या ठिकाणी" यांच्यातच अडकायचे. वार्षिक सर्वसाधारण सभा होती. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत ती घ्यावीच लागते, त्यामुळे तारीख पुढे ढकलायचा प्रश्न नव्हता. त्यांना मागच्या वर्षी कुठून तरी आणलेलं तेरा पानी भाषण पुन्हा नव्याने हवं होतं.

आम्ही आधी त्यांच्या बोलण्याचे तुकडे केले. काही तुकडे असे होते की शब्द इकडचा तिकडे झाला तर महागात पडेल: ठेवी किती, कर्जवाटप किती, थकबाकी किती, लाभांश किती टक्के सुचवला आहे. सभेत बोललेलं इतिवृत्तात जातं, आणि लाभांशाचा आकडा अर्ध्या टक्क्याने चुकला तरी मागच्या रांगेतले सभासद उठून उभे राहतात. एवढा भाग आम्ही पूर्ण वाक्यांत लिहिला, दोन पानांवर. आकडेसुद्धा बोलायचे तसे अक्षरांत लिहिले. ४,१२,६०,००० असं छापलं तर वक्ता शून्यं मोजत थांबतो. "चार कोटी बारा लाख साठ हजार" असं लिहिलं तर थांबत नाही.

उरलेलं मनोगत म्हणजे त्यांची स्वतःची गोष्ट होती. जुन्या भाषणात एक वाक्य असं होतं: "अवकाळी पावसाने बागांचे अतोनात नुकसान झालेले असतानाही आपल्या सभासदांनी कर्जाचे हप्ते विहित मुदतीत भरून संस्थेवरील विश्वास दाखवून दिला, याबद्दल मी संचालक मंडळाच्या वतीने त्यांचे मनःपूर्वक आभार मानतो." हे मोठ्याने वाचून बघा, मध्येच दम लागतो. आम्ही त्यांना म्हटलं, अण्णा, वाचू नका, काय झालं ते सांगा. तर ते सांगायला लागले की पावसानंतरच्या सोमवारी एक म्हातारे सभासद भिजलेल्या नोटा खताच्या पिशवीत गुंडाळून हप्ता भरायला आले, आणि कॅशियरने त्या पंख्याखाली वाळवून मोजल्या. ही गोष्ट त्या तेरा पानांत कुठेच नव्हती. कार्डावर एवढंच आलं:

अवकाळी, सोमवार
खताची पिशवी, नोटा पंख्याखाली
हप्ता चुकला नाही → आभार

मनोगताची अशी पाच कार्डं झाली. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र पूर्ण लिहून दिलं, कारण माणूस उभा राहताना आणि बसताना सगळ्यात जास्त गडबडतो. सहावं कार्ड नावांचं. व्यासपीठावर कोण येणार हे सभेच्या दिवशीच ठरतं, त्यामुळे ते कोरं ठेवून सोबत काळं स्केचपेन दिलं.

अण्णांना नुसते मुद्दे का नाही दिले? मुद्द्यांचा कागद म्हणजे एका पानावर आठ-दहा ओळी, सगळं भाषण एका नजरेत. वर्गात रोज शिकवणाऱ्यांना, वकिलांना, कीर्तनकारांना आम्ही आनंदाने तोच देतो. समोरचे लोक बघून ते एखादा मुद्दा गाळतात, एखादा फुलवतात. पण ज्यांना बोलायला आवडतं आणि घड्याळ आवडत नाही, त्यांच्या हाती मुद्दे देणं धोक्याचं. एक ओळ म्हणजे किती वेळ, हे कागदावर दिसतच नाही. आठ मिनिटांची पंचवीस होतात आणि जेवणाच्या पंगती खोळंबतात. कार्ड मागे गेलं की ते संपलं, हा धाक हाताला असतो. अण्णा घड्याळ न आवडणाऱ्यांतले.

आता माइक. हा प्रश्न आम्ही सगळ्यात आधी विचारतो आणि ग्राहकांना तो सगळ्यात बिनमहत्त्वाचा वाटतो. पोडियम आणि त्यावर बसवलेला माइक असेल तर पूर्ण भाषण चालतं, दोन्ही हात मोकळे असतात. हातात धरायचा माइक असेल तर एकच हात उरतो, आणि एका हाताने एफोर पानं उलटता येत नाहीत. शिवाय पातळ कागद हाताबरोबर थरथरतो आणि ते लांबून दिसतं. जाड कार्डशीटचं कार्ड तेवढं हलत नाही. मांडव उघडा असेल किंवा व्यासपीठावर मोठा पंखा असेल तर सुट्या पानांचा विचारच सोडा. मंडपवाल्याला एक फोन करून हे विचारून घ्या.

पूर्ण भाषण घ्यायचंच असेल (मानपत्र, ठरावाचा मसुदा, शोकप्रस्ताव, कुणाचा संदेश वाचून दाखवायचा असेल तर घ्यावंच), तर आम्ही ते ज्या पद्धतीने छापतो त्यात कृपया बदल करू नका. अक्षर अठरा पॉइंटचं असतं, कारण त्याहून बारीक देवनागरीत वेलांटी, रफार आणि अनुस्वार संध्याकाळच्या दिव्यात दिसेनासे होतात. पानाचा खालचा एक तृतीयांश भाग आम्ही मुद्दाम कोरा सोडतो. तो वाया गेलेला कागद नव्हे. नजर पानाच्या तळाशी गेली की हनुवटी खाली जाते आणि आवाज माइकच्या बाहेर पडतो. वाक्य पानावरच संपतं, पुढच्या पानावर जात नाही. छपाई एकाच बाजूला. आणि स्टेपल मारू नका! स्टेपल नसेल तर वाचून झालेलं पान आवाज न करता डावीकडे सरकवता येतं.

घरी आल्यावर खात्री करायची असेल तर सोपी पद्धत आहे. पूर्ण भाषण उभं राहून मोठ्याने वाचा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. जिथे श्वास तुटतो त्या वाक्यावर खूण करून आम्हाला पाठवा, आम्ही ते मोडून देतो. कार्डांची परीक्षा वेगळी. कार्ड बघा, उलटं ठेवा आणि बोलायला लागा. क्षणभरात पुढचं सुचलं नाही तर ती खूण चुकीची आहे, ती बदलायला लागेल. यात तुमची स्मरणशक्ती कमी आहे असं मानू नका.

काही जण म्हणतात, कागदच नको, पाठ करून येतो. विन्स्टन चर्चिल १९०४ साली ब्रिटिश संसदेत पाठ केलेल्या भाषणावर उभे राहिले, मध्येच पुढचं आठवेना आणि खाली बसावं लागलं. त्यानंतर ते जय्यत टिपणं घेऊन जात, आणि ती ओव्यांसारखी तुटक ओळींत टाइप केलेली असत. मोबाइलवरून वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो की ऐन वेळी स्क्रीन काळी पडते किंवा मेव्हण्याचा फोन येतो.

पुढच्या वेळी आमच्याकडे याल तेव्हा चार गोष्टी सांगा: कोण बोलणार, किती मिनिटं, माइक कसला, आणि भाषणातलं कोणतं वाक्य शब्दशः तसंच यायला हवं. पूर्ण की कार्डं की मुद्दे, हे ठरवून येऊ नका. या चार उत्तरांवरून ते दहा मिनिटांत ठरतं, आणि त्या दहा मिनिटांचे आम्ही पैसे घेत नाही. वार्षिक सभेची नोटीस साधारण पंधरवडाभर आधी निघते. ती निघाली की त्याच दिवशी तिची आणि अहवालाची प्रत पाठवा, म्हणजे वक्त्याबरोबरची बैठक सवडीने होते. कार्डं हवी असतील तर वक्त्यांनी स्वतः यावं किंवा स्वतः फोनवर बोलावं. पुतण्याला पाठवून चालत नाही, कारण गोष्टी पुतण्याच्या नसतात. बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी कार्डं तयार मिळतात, कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्यात ओवलेली आणि क्रमांक घातलेली. हातातून पडली तरी क्रम बिघडत नाही. दोन दुरुस्त्या त्याच दरात धरलेल्या असतात. आदल्या संध्याकाळी मात्र आम्ही फक्त नावं बदलून देतो.