गरोदर असल्याचं ऑफिसात कधी सांगायचं? : पार्श्वभूमी

पोटात बाळ आहे हे कळल्यावर नोकरदार बाईला पहिले काही दिवस एकच हिशेब सतावतो. साहेबांना सांगायचं कधी? पगारवाढीच्या आधी की नंतर? नवा प्रोजेक्ट हातात पडल्यावर की त्याच्या वाटपाआधी? ही भीती मनाचे खेळ म्हणून उडवून लावली जाते, पण तिला लेखी इतिहास आहे. फार जुना काळ नाही, अगदी पन्नासेक वर्षांपूर्वीपर्यंत अनेक ठिकाणी ‘सांगणं’ आणि ‘कामावरून जाणं’ ही एकाच नियमाची दोन कलमं होती.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातल्या शाळांचा नियम पाहा. गरोदर शिक्षिकेने बाळंतपणाच्या पाच महिने आधी बिनपगारी रजेवर जायचं, त्यासाठी किमान दोन आठवडे आधी अर्ज द्यायचा आणि मूल तीन महिन्यांचं झाल्यावर जे नवं सत्र सुरू होईल तेव्हाच परतीचा विचार करायचा. तेव्हाही जागा मिळेलच याची हमी नव्हती. कारण सांगितलं जायचं ते मुलांच्या शिक्षणात खंड पडू नये हे. प्रत्यक्षात दोन शिक्षिकांना १९७१ च्या मार्चमध्ये, सत्र अर्ध्यावर असताना घरी बसवलं गेलं, म्हणजे नियमानेच खंड पाडला. पोट दिसायला लागलं की वर्गातली मुलं हसतील, हेही हा नियम करण्यामागचं एक कारण होतं, असं खटल्यात पुढे आलं. १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. कोणती बाई किती महिन्यांपर्यंत काम करू शकते हे तिच्या प्रकृतीवर ठरतं, सगळ्यांना एकच तारीख लावता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

आपल्याकडे हवाई सुंदरींच्या सेवाशर्तींत याहून उघड वाक्य होतं : पहिलं गरोदरपण म्हणजे नोकरी संपली. १९८१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलम अत्यंत कठोर शब्दांत झिडकारलं. पण त्याच निकालाने नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करण्यावरची बंदी मात्र योग्य ठरवली, आणि ‘पहिल्या’ऐवजी ‘तिसऱ्या’ गरोदरपणाला नोकरी संपवण्याची दुरुस्तीही मान्य केली. या निकालाचं कौतुक करताना ही दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. ती सांगायलाच हवी.

असे उघड नियम गेले आणि त्यांची जागा प्रश्नांनी घेतली. इथे थोडं थांबतो, कारण आज बायका जे मौन पाळतात त्याची मुळं इथे आहेत.

१९८९ ची गोष्ट. एका सरकारी विमा महामंडळात एका तरुणीची साहाय्यक पदावर निवड झाली. नोकरीआधी तिला एक जाहीरनामा भरायला दिला. पाळी नियमित येते का, तेव्हा दुखतं का, आतापर्यंत किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला आहे का, शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, असे रकाने त्यात होते. तिने ते भरले. महामंडळाच्याच डॉक्टरने तिला तपासून तंदुरुस्त ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये ती रुजू झाली. डिसेंबरमध्ये ती बाळंतपणाच्या रजेवर गेली, जानेवारी १९९० मध्ये बाळ झालं आणि फेब्रुवारीत, रजेवर असतानाच, तिला कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. ती अजून परिवीक्षा काळात होती, त्यामुळे पत्रात कारण द्यायची गरज भासली नाही. प्रकरण न्यायालयात गेल्यावर कारण बाहेर आलं : जाहीरनाम्यातली शेवटच्या पाळीची तारीख आणि प्रसूतिगृहाच्या नोंदीतली तारीख जुळत नव्हती, म्हणून तिने खोटी माहिती दिली.

नीट पाहिलं तर तिला काढलं ते गरोदर म्हणून नाही. कागदावर तिचा गुन्हा ‘सांगितलं नाही’ हा होता. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे समजायला तो रकाना छापणाऱ्याच्या हेतूकडे पाहणं पुरेसं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तिला परत घ्यायला सांगितलं. असे प्रश्न लाजिरवाणे आहेत, स्त्रीच्या आत्मसन्मानाला बाध आणणारे आहेत आणि हे रकाने काढून टाकावेत, असंही बजावलं. माझ्या मते या विषयावरचा आपल्याकडचा हा सर्वात महत्त्वाचा निकाल आहे, आणि त्याची आठवण सर्वात कमी निघते.

युरोपात हाच पेच दोन खटल्यांत दोन टोकांनी आला. पहिलीने सांगितलं. नेदरलँड्समधल्या एका तरुणांच्या प्रशिक्षण केंद्रात १९८१ मध्ये तिने अर्ज केला आणि मुलाखत घेणाऱ्या समितीला आपण तीन महिन्यांच्या गरोदर आहोत हे स्वतःहून सांगितलं. समितीने तरीही तिचंच नाव सर्वात योग्य म्हणून पुढे पाठवलं. संस्थेने मात्र नाकारलं. रजेच्या काळातला तिचा पगार विमा कंपनी भरून देणार नाही आणि बदली माणूस ठेवणं परवडणार नाही, हे कारण. निकाल लागायला १९९० उजाडलं. युरोपीय न्यायालय म्हणालं की गरोदरपण फक्त बायकांच्या वाट्याला येतं, म्हणून त्यावरून नाकारणं हा थेट लिंगभेद आहे. खर्च होतो हे कारण चालणार नाही, आणि स्पर्धेत पुरुष उमेदवार नव्हता यानेही फरक पडत नाही.

दुसरी गप्प राहिली. डेन्मार्कमधल्या एका दूरसंचार कंपनीने तिला १९९५ च्या जुलैपासून सहा महिन्यांच्या कराराने घेतलं. त्यातले पहिले दोन महिने प्रशिक्षणाचे होते. ऑगस्टमध्ये तिने सांगितलं की नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाळंतपण आहे. म्हणजे निवडीच्या वेळी तिला माहीत होतं. कंपनीने तिला काढलं आणि प्रश्न सरळ विचारला : सहा महिन्यांचा करार, त्यातला बराच भाग ती कामावर नसणार, आणि हे तिने लपवलं, मग आम्ही काय करायचं? २००१ मध्ये त्याच न्यायालयाने उत्तर दिलं की करार सहा महिन्यांचा असो वा कायमचा, निवडीच्या वेळी सांगितलं असो वा नसो, गरोदरपणामुळे काढता येणार नाही. बऱ्याच जणांना हा निकाल अजूनही पटत नाही, लहान संस्था चालवणाऱ्यांना तर मुळीच नाही. त्यांची अडचण खरी आहे. पण पहिल्या बाईने प्रामाणिकपणे सांगून नऊ वर्षं कोर्टात काढली होती. ते डोळ्यांसमोर ठेवलं, तर दुसरीकडून आणखी कशाची अपेक्षा करायची?

गंमत म्हणजे नोकरी लागल्यानंतर चित्र उलटं होतं. तिथे गप्प राहणं महागात पडू शकतं. सदस्य देशांना बांधील असलेल्या युरोपच्या १९९२ च्या निर्देशात ‘गरोदर कर्मचारी’ म्हणजे कोण, तर जिने आपल्या मालकाला तसं कळवलं आहे ती. गरोदरपणाच्या सुरुवातीपासून रजा संपेपर्यंत काढण्यावर बंदी आहे, पण त्या व्याख्येत बसण्यासाठी आधी कळवावं लागतं. जर्मनीच्या कायद्याने यावर छान तोड काढली. मालकाला माहीत नव्हतं आणि नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं, तरी पत्र मिळाल्यापासून दोन आठवड्यांत बाईने कळवलं तर ते पत्र रद्द ठरतं. ब्रिटनमध्ये कर्मचारीकपातीच्या वेळी पर्यायी जागेवर पहिला हक्क आधी रजेवर असलेल्या बाईपुरता होता. एप्रिल २०२४ पासून तो तिने कळवलं त्या दिवसापासून सुरू होतो आणि मूल अठरा महिन्यांचं होईपर्यंत टिकतो. म्हणूनच कळवणं तोंडी नको, तारखेसकट ईमेलवर हवं. पुढे वाद झाला तर ‘साहेबांना कधी कळलं’ यावरच सगळं फिरतं.

आपल्या १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात मात्र याच जागी भोक होतं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. जुन्या कायद्याचं बारावं कलम बाई रजेवर असताना किंवा रजेमुळे तिला काढायला मनाई करायचं. पण सांगितल्यापासून रजा सुरू होईपर्यंतचे जे चार-पाच महिने असतात, त्यांत काढलं तर ते कलम एवढंच म्हणायचं की तिचा प्रसूतिलाभ बुडणार नाही. पैसे मिळतील, नोकरीबद्दल अवाक्षर नाही. २०१७ मध्ये रजा बारा आठवड्यांवरून पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली, त्याचा गाजावाजा झाला, हे भोक तसंच राहिलं. शिवाय जिथे कामगार विमा लागू नाही तिथे सव्वीसही आठवड्यांचा पगार मालकाच्या खिशातून जातो. बाळंतपणाचा पैसा सरकारी निधीतून किंवा विम्यातून यावा, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारात १९१९ पासून लिहिलेलं आहे. १९५२ च्या सुधारित करारात तर एकट्या मालकावर बोजा टाकू नये असं स्पष्टच म्हटलं होतं. हे शहाणपण आपण घेतलं नाही. नेदरलँड्समधल्या त्या संस्थेने १९८१ मध्ये जो हिशेब मांडला, तोच हिशेब आपला कायदा आज अशा लहान मालकांना मांडायला लावतो.

आता कामावरून न काढता बाजूला सारणं. इथे काढल्याचं पत्र येत नाही, म्हणून ते पकडणं अवघड. सांगितल्यावर बैठकीची आमंत्रणं कमी होतात. ‘तुला त्रास नको’ म्हणून ग्राहकांशी बोलणं दुसऱ्याकडे जातं. रजेवर गेल्यावर ‘तात्पुरता’ आलेला माणूस परतीनंतरही त्याच खुर्चीत असतो. सर्वात नेमका फटका बसतो तो वार्षिक मूल्यमापनात. फ्रान्समधल्या एका बाईचं १९८३ या वर्षाचं मूल्यमापनच झालं नाही, कारण त्यासाठी वर्षात किमान सहा महिने हजेरी हवी होती आणि बाळंतपणाच्या रजेमुळे ती भरली नाही. मूल्यमापन नाही म्हणून गुणवत्तेवरची पगारवाढ नाही. नियम सगळ्यांना सारखा होता, कुणी वाईट बोललं नव्हतं. १९९८ मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटलं की ती गरोदर नसती तर तिचं मूल्यमापन झालं असतं, तेव्हा हा भेदभावच. पुढे २००२ च्या निर्देशात दोन गोष्टी लिहून आल्या : परतणाऱ्या बाईला तेच पद किंवा समकक्ष पद, आणि ती नसताना कामाच्या अटींत जी सुधारणा झाली तिचा लाभ. ‘समकक्ष’ या शब्दाआड बरंच काही खपवलं जातं, तरी हातात धरायला काहीतरी आहे.

आपल्याकडे त्या बाराव्या कलमात होती तशीच संहितेतही रजेच्या काळात सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलायला मनाई आहे. पगार कापला, हुद्दा खाली आणला तर ही मनाई उपयोगी पडते. पण पगार तोच, पदनाम तेच आणि हातातली माणसं व काम काढून घेतलं, तर ती सेवाशर्त बदलली असं म्हणायचं का, याचं उत्तर कलमाच्या शब्दांत नाही. त्यामुळे रजेवर जाण्यापूर्वी आपल्याकडे कोणती कामं, कोणते ग्राहक आणि किती माणसं होती, याची यादी साहेबांना ईमेलने पाठवून त्यावर त्यांचं ‘ठीक आहे’ घेणाऱ्या बायका आहेत. परतल्यावर काय गेलं हे दाखवायला तेवढाच कागद त्यांच्याकडे असतो.