डिलीट केलेला मेसेज आणि आपोआप नाहीसा झालेला मेसेज: कबुलीचा पुरावा कुठे जातो?

समजा, मुलुंडच्या एका फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचं काम काढलंय. ठेकेदार व्हॉट्सअॅपवर लिहितो, "ओटा, टाइल्स, नळाचं काम धरून १,८०,०००." घरमालकीण "ठीक आहे" म्हणून ६०,००० यूपीआयने पाठवते. महिन्याभराने तो म्हणतो, "मॅडम, नळाचं काम त्यात नव्हतं." चॅट उघडली तर ते बोलणंच तिथे नाही. त्याने डिलीट केलं, असाच तिचा पहिला समज होतो.

तसं असतं तर खूण राहिली असती. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं की मजकूर दोघांच्याही फोनमधून जातो, पण मेसेज डिलीट झाल्याची ओळ मागे उरते. शिवाय पाठवणाऱ्याला फक्त स्वतःचे मेसेज काढता येतात, तेही साधारण दोन दिवसांच्या आत. तिचं "ठीक आहे" त्याला पुसता येत नाही.

खूणही नसेल, तर मेसेज आपोआप नाहीसे करणारी 'डिसअपिअरिंग मेसेज' ही सोय चालू असणार. तिचा टायमर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांचा असतो. मुदत संपली की दोघांचेही मेसेज जातात आणि त्यांच्या जागी काहीच उरत नाही. टायमर चालू असल्याची बारीक सूचना चॅटमध्ये येते, पण ती कोण वाचतं? ठेकेदाराने सगळ्या नव्या चॅटसाठीच ७ दिवस लावून ठेवले असतील, तर त्यात लबाडी असेलच असंही नाही. नुकसान मात्र आधी पैसे देणाऱ्याचं होतं. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ६०,००० दिसतात. ते कशापोटी दिले, हे दिसत नाही.

म्हणून पैसे पाठवण्याआधी चॅटच्या माहितीत जाऊन टायमर पाहावा. दोघांच्या चॅटमध्ये तो कुणालाही बंद करता येतो. पण बंद केल्याने आधीचे मेसेज टिकत नाहीत. टायमर चालू असताना पाठवलेले मेसेज ठरल्या वेळी जातातच. त्यामुळे बंद केल्यावर कामाची यादी, रक्कम आणि हप्ते पुन्हा एकदा लिहून पाठवावेत आणि त्याच्याकडून होकार घ्यावा. 'कीप' करून मेसेज राखता येतो, पण ज्याने तो पाठवला त्याला ते रद्द करता येतं. म्हणजे त्याचा होकार टिकणार की नाही, हे त्याच्याच हातात राहतं. मुदत संपण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करणं जास्त भरवशाचं. मूळ चॅट असलेला फोनही जपावा, कारण कोर्टात नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

टायमर उपयोगी पडतो तो आधारची प्रत पाठवताना, आणि तिथेही अर्धाच. समोरच्याच्या गॅलरीत फोटो आपोआप सेव्ह होत असेल, तर चॅटमधून गेला तरी तो तिथे राहतो. त्यापेक्षा शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार पाठवलेलं बरं.