गोळीआधी बीपी का मोजायचं? एका सावधगिरीची साठ वर्षं

जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही मेडिकलवर माला-डी या गर्भनिरोधक गोळीचं पाकीट मागा, दुकानदार पैसे घेऊन पाकीट पुढे सरकवतो. सरकारी दवाखान्यात तीच गोळी माला-एन नावाने फुकट मिळते. 2011 पासून आशाताई एका रुपयात ती घरपोचही देऊ लागल्या. सोय खरोखर मोठी झाली. पण या सगळ्या वाटेवर दंडाला पट्टा बांधून बीपी मोजण्याचा टप्पा बहुतेक वेळा गळून पडतो. वास्तविक गोळीच्या इतिहासात सगळ्यात महागात पडलेला धडा तोच आहे.

पहिली गोळी अमेरिकेत 1960 मध्ये गर्भनिरोधक म्हणून मंजूर झाली. तिच्यात इस्ट्रोजेन या हार्मोनच्या गटातलं मेस्ट्रॅनॉल 150 मायक्रोग्रॅम होतं. आजच्या माला-डीत एथिनिल इस्ट्रॅडिऑल 30 मायक्रोग्रॅम असतं. दोन्ही रसायनं हुबेहूब एक नाहीत, पण मात्रा किती उतरली ते यावरून कळतं. ती आपोआप उतरली नाही. 1961 मध्येच इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने हे औषध घेणाऱ्या बाईच्या फुफ्फुसात रक्ताची गुठळी गेल्याचं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला कळवलं. तशा नोंदी वाढत गेल्या आणि 1969 च्या अखेरीस ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने 50 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळायला सांगितलं.

बीपीचा धागा 1967 मध्ये सापडला. न्यूयॉर्कमधल्या जॉन लारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गोळी घेणाऱ्या काही बायकांचं बीपी चढलेलं दिसलं. कारण यकृतात होतं. इस्ट्रोजेनमुळे यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवतं. मूत्रपिंडातून येणारं रेनिन त्यावर काम करतं, त्यातून रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ तयार होतो आणि शरीर मीठ-पाणी धरून ठेवू लागतं. बहुतेकींच्या शरीराला हे सांभाळता येतं, काहींच्या नाही. कोणाचं बीपी चढेल हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून मोजायचं. मात्रा उतरल्यावर हा प्रश्न संपला असं बरेच जण धरून चालले. तो संपला नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात 1996 मध्ये दिसलं की नव्या, कमी मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांतही उच्च रक्तदाबाचं प्रमाण जवळजवळ पावणेदोन पट होतं. गोळी सोडल्यावर ते उतरत गेलं.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कुठल्या आजारात गर्भनिरोधाचं कुठलं साधन, याचा तक्ता काढला. आपल्याकडचे सरकारी तक्ते त्याच्याच वळणाचे आहेत. त्यात प्रत्येक साधनाला एक ते चारमधला आकडा असतो. एक म्हणजे बेलाशक वापरा, दोन म्हणजे धोक्यापेक्षा फायदा जास्त, तीन म्हणजे दुसरं काही मिळत असेल तर नको, चार म्हणजे अजिबात नको. बीपी 140/90 च्या पुढे असलं किंवा औषधाने ताब्यात असलं, तरी इस्ट्रोजेनची गोळी तीनमध्ये येते. 160/100 ला पोचलं की चारमध्ये. तांबी मात्र या सगळ्यांत एकवरच राहते, कारण तिच्यात हार्मोन नाहीच.

मग शुगर असलेल्या बाईला तांबी नको, हे गावोगाव ऐकू येतं ते कुठून आलं? थोडा वाटा जंतुसंसर्गाच्या भीतीचा आहे. दुसरा धागा 1982 चा. एडिंबराच्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं की मधुमेही बायकांत तांब्याची साधनं जास्त वेळा निकामी ठरली आणि काढलेल्या साधनांच्या पृष्ठभागावर वेगळे थर दिसले. दोन वर्षांनी डेन्मार्कमधल्या अभ्यासात तसा फरक आढळला नाही. आज मधुमेहात, मूत्रपिंड किंवा डोळ्यांवर परिणाम झालेला असला तरीसुद्धा, तांबी एकवर आहे. वैद्यकाने चूक दुरुस्त केली, पण भीती मागे राहिली.

आता एक उदाहरण घेऊ. ही बाई कोणी खरी नाही, पण अशी बाई यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात शोधावी लागणार नाही. वय 37, दोन मुलं. दुसऱ्या बाळंतपणात बीपी चढलं होतं, नंतर उतरलं. तीन वर्षांपूर्वी शुगर निघाली, शुगरची गोळी चालू आहे. माला-एन दोन वर्षं घेते. हल्ली डोकं दुखतं म्हणून ती उपकेंद्रात जाते आणि नर्सबाईला विचारते, “माय, गोयी खाईसनी बीपी वाढस का?”

नर्सबाई तिला पाच मिनिटं टेकून बसवते, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवते आणि मोजते. 148/94. थोड्या वेळाने पुन्हा 146/92. नुसती शुगर असती आणि डोळे-मूत्रपिंड ठीक असते, तर गोळी दोनवर होती. नुसतं बीपी असतं तर तीनवर. दोन्ही एकत्र आल्यावर ती तीन ते चारमध्ये जाते, म्हणजे माला-एन बंदच. वाढत्या वयाचं वजन आहेच, वर तंबाखूची सवय असेल तर तेही विचारून घ्यावं लागतं. पण नुसतं “बंद करा” म्हणून तिला घरी पाठवणं ही अर्धी चूक आहे. दुसरं साधन लागेपर्यंत निरोध वापरायचा, हे त्याच बैठकीत सांगायला हवं. डॉक्टरने बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल लिहून दिलं तर नको असताना राहिलेला गर्भ आणखी अवघड, कारण ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडाला घातक असतात. शुगर ताब्यात नसताना गर्भ राहिला तर बाळात व्यंग येण्याचा धोका वाढतो, तो वेगळाच.

तिला तांबी 380 ए चांगली, दहा वर्षं चालते. पाळी सुरू झाल्यापासून 12 दिवसांच्या आत बसवता येते, गर्भ नाही याची खात्री असेल तर कधीही. अडचण एकच, पाळीत रक्त जास्त जातं. म्हणून आधी हिमोग्लोबिन पाहायचं आणि कमी असेल तर लोहाच्या गोळ्या सोबत द्यायच्या. अंगावरून आधीच खूप जात असेल तर हार्मोनची तांबी तिला जास्त मानवते, फक्त ती विकत घ्यावी लागते.

2017 पासून सरकारी दवाखान्यात मिळणारं अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन 160/100 च्या खालच्या नुसत्या बीपीला किंवा नुसत्या शुगरला दोनवर आहे, पण हिच्यासारखी दोन्ही दुखणी असलेल्या बाईला तीनवर. त्याने चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, आणि एकदा टोचलं की तीन महिने काढून घेता येत नाही. छाया ही गर्भनिरोधक गोळी लखनौच्या सीडीआरआय या औषध-संशोधन संस्थेची. तिच्यात इस्ट्रोजेन नाही, आठवड्यातून दोनदा तीन महिने आणि मग आठवड्याला एक. पण शुगरने मूत्रपिंड दुखावलेलं असेल तर ती देत नाहीत, म्हणून आधी लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासायचं.

खान्देशात दोन मुलांनंतर पहिला विचार बाईच्या ऑपरेशनचा होतो. तेही होऊ शकतं, फक्त बीपी आणि शुगर आधी ताब्यात आणून. 160/100 च्या वर असेल तर ते पूर्ण सोयीच्या दवाखान्यातच. नवऱ्याची बिनटाक्याची शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांची असते आणि तिच्यात बायकोच्या बीपीचा प्रश्नच येत नाही. तो विषय घरात निघतच नाही, ही निराळी गोष्ट.

तांबी बसल्यावर पहिल्या पाळीनंतर तिने दाखवायला यायचं आणि बीपीही तेव्हाच मोजायचं. गोळीमुळे चढलेलं बीपी साधारण काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत उतरतं. तीन महिन्यांनंतरही ते 140/90 च्या वर राहिलं तर ते गोळीचं नाही, तिचं स्वतःचं आहे, आणि त्यावरचं औषध आता तिला चालू ठेवावं लागणार.